‘बिफोर फूड’, ‘ट्वाइस डेली’: गोळ्यांवरचं इंग्रजी वाचून वेळापत्रक कसं बसवायचं

परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही तिन्ही रुग्णालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे इथल्या केमिस्टच्या दुकानांत चिपळूण, जळगाव, बीड, गडचिरोली असा सगळा महाराष्ट्र येऊन उभा राहतो. हातात केस पेपर, खांद्याला पिशवी, आणि गोळ्या मिळाल्यावर एकच प्रश्न: ‘ताई, ह्या कशा घ्यायच्या?’ मी अशाच एका दुकानात फार्मासिस्ट आहे. काउंटरवर गर्दी असली की हे सांगायला अर्धा मिनिट मिळतो आणि तेवढ्यात सांगितलेलं घरी पोचेपर्यंत लक्षात राहत नाही. म्हणून इथे सावकाश लिहिते आहे. पहिल्यांदाच घरातल्या कुणाच्या औषधपाण्याची जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी हे आहे.

पाकिटावर काय असतं, कागदावर काय असतं

पुष्कळ जण गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून त्यावर ‘दिवसातून किती वेळा’ हे शोधत बसतात. आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांवर ते छापलेलंच नसतं. तिथे ‘डोसेज: ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन’ एवढीच ओळ असते. म्हणजे डॉक्टर सांगतील तेवढी आणि सांगतील तेव्हा. एकच गोळी एकाला दिवसातून एकदा आणि दुसऱ्याला तीनदा द्यावी लागते, म्हणून कंपनी तिथे आकडा छापत नाही. शेजारच्यांच्या पाकिटासारखंच पाकीट आपल्याला मिळालं तरी त्यांचं वेळापत्रक आपल्याला लागू होत नाही, तेही यामुळेच.

तेव्हा दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या. किती, कधी आणि किती दिवस हे डॉक्टरांच्या कागदावर असतं. कुठलं औषध, किती ताकदीचं आणि ते कधीपर्यंत चालेल हे पाकिटावर असतं. कागदावरची एक ओळ वाचायची, त्या ओळीचं पाकीट शोधायचं, नाव आणि पुढचा आकडा जुळतो का ते पाहायचं, मगच पुढच्या ओळीवर जायचं. कागदावर ५०० आणि पाकिटावर ८५० असेल तर गोळी न घेता आधी दुकानात विचारायचं. जनऔषधी केंद्रातून किंवा रुग्णालयाच्या औषध खिडकीवरून गोळ्या घेतल्या तर मोठ्या अक्षरातलं नाव कागदाशी जुळेलच असं नाही. तेव्हा पाकिटावर बारीक अक्षरात ‘ईच टॅब्लेट कंटेन्स’च्या पुढे लिहिलेलं मूळ औषधाचं नाव बघायचं. मुख्य नाव ते.

पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा त्याचा अर्थ. ‘एक्सपी.’च्या पुढे ०८/२०२७ असं असेल तर ते औषध ऑगस्ट महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. आम्ही पाकीट कातरीने कापून चार-पाच गोळ्या देतो तेव्हा नाव किंवा तारीख असलेला तुकडा दुकानातच राहून जातो. असं झालं तर कापलेल्या तुकड्यावर नाव आणि तारीख पेनाने लिहून मागा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. घरी दोन सारखे चकचकीत तुकडे एकाच डब्यात पडले की कुठला कशाचा हे मलासुद्धा नुसतं बघून सांगता येत नाही.

दिवसातून किती वेळा

कागदावर हे दोन तऱ्हांनी लिहितात. पहिली तऱ्हा आकड्यांची: १-०-१. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. शून्य म्हणजे त्या वेळी गोळी नाही. १-१-१ म्हणजे तिन्ही वेळा, ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. आकड्याच्या जागी १/२ असेल तर अर्धी गोळी. हा अपूर्णांक घाईघाईत लिहिलेला असला की ‘एक ते दोन गोळ्या’ असा वाचला जातो, म्हणून शंका आली की विचाराच.

दुसरी तऱ्हा अक्षरांची. ‘ओडी’ म्हणजे वन्स डेली, दिवसातून एकदा. ‘बीडी’ किंवा ‘बीआयडी’ म्हणजे ट्वाइस डेली, दोनदा. ‘टीडीएस’ किंवा ‘टीआयडी’ म्हणजे तीनदा, ‘क्यूआयडी’ म्हणजे चारदा. ‘एचएस’ म्हणजे रात्री झोपायला जाताना. जेवण नऊला आणि झोप बाराला असेल तर ती गोळी बाराच्या सुमारास घ्यायची. ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘ओडी’चा अर्थ उजवा डोळा असाही असतो, तेव्हा थेंब आणताना कुठल्या डोळ्यात आणि किती वेळा हे दोन्ही वेगवेगळं विचारून घ्या.

आता सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो ते. ‘वन टॅब्लेट ट्वाइस डेली’ म्हणजे एक गोळी, दिवसातून दोनदा. मिळून दोन गोळ्या होतात खऱ्या, पण दोन्ही एकदम घ्यायच्या नसतात. एक मावशी मला म्हणाल्या, ‘मी सकाळीच दोन्ही घेऊन टाकते, संध्याकाळी विसरायला होतं.’ त्या गोळ्या अँटिबायोटिकच्या होत्या. गोळी पोटात गेली की तिचं औषध रक्तात उतरतं, काही तास टिकतं आणि हळूहळू कमी होतं. ते फार कमी होण्याआधी दुसरी गोळी पोचावी म्हणून डॉक्टर दोन वेळा लिहितात. मावशींच्या शरीरात सकाळी गरजेपेक्षा जास्त औषध होतं, त्याने पोट बिघडत होतं, आणि मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जंतूंना मोकळं रान मिळत होतं. ‘गोळ्या घेऊनही बरं वाटत नाही’ ही त्यांची तक्रार त्यातूनच आली होती.

म्हणून दोनदा म्हणजे साधारण १२ तासांनी, तीनदा म्हणजे साधारण ८ तासांनी. तीन वेळच्या गोळीसाठी रात्री उठायची गरज सहसा नसते. सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री १० असं बसवलं तरी चालतं. तासभर इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. बिघडतं ते सकाळी ११ ला पहिली आणि दुपारी ३ ला दुसरी घेतली की.

आपण बरोबर वाचलं का हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे गुणाकार. ‘बीडी’च्या पुढे फुली आणि ५ डी, म्हणजे दिवसातून दोनदा, पाच दिवस. दोन गुणिले पाच, १० गोळ्या. दुकानातून १० मिळाल्या तर बहुतेक बरोबर आहे. पाचच मिळाल्या किंवा १५ मिळाल्या तर कुणीतरी काहीतरी चुकीचं वाचलं आहे, किंवा पूर्ण पाकीट देण्याच्या नादात जास्त दिल्या आहेत. काउंटर सोडायच्या आधी विचारा.

आणि एक ओळ अशी आहे जी चुकीची वाचली तर जिवावर बेतू शकतं: ‘वन्स अ वीक’ किंवा ‘वन्स वीकली’. दिवसातून एकदा नाही, आठवड्यातून एकदा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी बहुतेक वेळा आठवड्याला एकच असते. ती रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. त्याहून गंभीर आहे मेथोट्रेक्सेट. संधिवात आणि सोरायसिससाठी ही छोटीशी गोळी आठवड्यातल्या एकाच ठरलेल्या दिवशी देतात. ती चुकून रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी झपाट्याने कमी होतात आणि माणूस दगावू शकतो. तुमच्या कागदावर अशी ओळ असेल तर वार पक्का करा, सोमवार म्हणजे सोमवार, आणि तो वार पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.

जेवणाआधी, जेवणानंतर, रिकाम्या पोटी

कागदावर ‘एसी’ लिहिलं असेल तर जेवणाआधी, ‘पीसी’ असेल तर जेवणानंतर. काही डॉक्टर ‘बीबीएफ’ लिहितात, म्हणजे नाश्त्याच्या आधी. इंग्रजीतच लिहिलं असेल तर ‘बिफोर फूड’, ‘आफ्टर फूड’, ‘विथ फूड’ आणि ‘एम्प्टी स्टमक’ हे चार शब्द भेटतात. ‘बिफोर फूड’ आणि ‘एम्प्टी स्टमक’ एकच वाटतात, पण तसे ते नाहीत.

‘बिफोर फूड’ म्हणजे सहसा खाण्याच्या अर्धा तास आधी. पित्तासाठी देतात ती पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल याचं चांगलं उदाहरण. आपण खायला लागलो की पोटातल्या पेशी आम्ल सोडायला लागतात. ही गोळी ते आम्ल सोडणारे पंप बंद करते, पण ते चालू होत असताना ती रक्तात आधीच हजर असावी लागते. म्हणून अर्धा तास आधी. जेवून झाल्यावर, छातीत जळजळायला लागल्यावर घेतली तर ती उशिरा पोचते आणि लोक म्हणतात, गोळीचा काही उपयोग नाही.

‘एम्प्टी स्टमक’ म्हणजे पोट खरोखर रिकामं: खाण्याच्या किमान एक तास आधी, किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन ही गोळी अशी आहे. ती इतकी कमी प्रमाणात असते, ग्रॅमचा दहा लाखावा भाग अशा मापाने मोजतात, की अन्नात अडकून थोडीशी वाया गेली तरी रक्ताच्या तपासणीत फरक दिसतो. म्हणून ती सकाळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही.

आता मुंबईतल्या घराघरांतला प्रश्न. चहा म्हणजे खाणं का? हो. इथे माणसं सकाळची लोकल पकडायच्या घाईत चहा आणि दोन बिस्किटं किंवा चहा आणि खारी खाऊन निघतात आणि ‘मी तर काही खाल्लंच नाही’ असं मनापासून सांगतात. रिकाम्या पोटाच्या गोळीसाठी पाणी सोडून काहीही पोटात गेलं तर पोट रिकामं राहिलं नाही. दुधाचा चहा, कॉफी, लिंबू सरबत, काढा, सगळं त्यात आलं. थायरॉइडच्या गोळीवर लगेच चहा-कॉफी घेतली तर ती नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीचंही चहाशी पटत नाही, तिच्या आधी-नंतर तासभर चहा टाळावा.

उलट बाजूही तितकीच खरी. ‘आफ्टर फूड’च्या गोळीला चहा-बिस्किटाचा आधार पुरत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास देतात. पोळी-भाजी, भात, पोहे, उपमा असं काहीतरी पोटभर खाऊन पंधरा-वीस मिनिटांत त्या घ्यायच्या. रिकाम्या पोटी घेत राहिल्यास जळजळ होते, आणि शौचाला डांबरासारखी काळी झाली तर ते पोटात रक्तस्राव झाल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग काळसर होतो, पण दुखण्याची गोळी चालू असताना रंग बदलला तर स्वतः अंदाज बांधत बसू नये.

‘विथ फूड’ म्हणजे जेवता जेवता किंवा शेवटचा घास झाला की लगेच. मधुमेहाची मेटफॉर्मिन अशी घेतली की मळमळ आणि जुलाब कमी होतात.

एका कागदाचं वेळापत्रक

चिपळूणहून भाच्याकडे, घाटकोपरला, उपचारासाठी आलेल्या एका मावशींचा कागद धरू. त्यांना मधुमेह आणि थायरॉइड आहे, आणि पायाच्या जखमेत पू झाला म्हणून अँटिबायोटिक दिलं आहे. कागदावर सहा ओळी आहेत:

- लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, १-०-०, एम्प्टी स्टमक
- पँटोप्राझोल ४०, १-०-०, बिफोर फूड
- मेटफॉर्मिन ५०० एसआर, १-०-१, आफ्टर फूड
- अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड ६२५, बीडी, आफ्टर फूड, ५ डी
- कॅल्शियम ५००, ०-१-०, आफ्टर फूड
- पॅरासिटामॉल ६५०, एसओएस

नुसते आकडे बघितले तर सकाळच्या रकान्यात चार गोळ्या येतात, आणि घरातली सून घाईत त्या चारही एका वाटीत काढून चहाबरोबर देते. म्हणजे थायरॉइडची गोळी चहात वाया, पित्ताची उशिरा, आणि बाकीच्या दोन धड अन्नाशिवाय. औषधं सगळी घेतली, पण एकही ठरल्याप्रमाणे नाही.

वेळापत्रक बसवताना जेवणाच्या वेळेपासून सुरुवात करायची. या घरात भाचा आणि सून आठच्या आत निघतात, म्हणून मावशींचा नाश्ता सातला होऊ शकतो. मग मागे मोजत जायचं. सहाला उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, भांडंभर पाण्याबरोबर. साडेसहाला पित्ताची. सातला चहा आणि पोटभर नाश्ता. नाश्ता झाला की लगेच मेटफॉर्मिन आणि अँटिबायोटिक. म्हणजे चार गोळ्या दीड तासात, पण तीन वेगवेगळ्या वेळी. थायरॉइड आणि पित्त या दोन्ही गोळ्या बरेच दिवस चालणार असतील तर डॉक्टरांना त्याची आठवण करून द्यायची, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी कमी शोषली जाऊ शकते आणि तिचा डोस तपासावा लागतो.

दुपारी एकला जेवण, त्यानंतर कॅल्शियम. ही गोळी डॉक्टरांनी दुपारी लिहिली त्याला कारण आहे. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात निदान चार तासांचं अंतर हवं. ‘दुपारी घरी कुणी नसतं, सकाळीच देऊन टाकू’ असं करायचं नाही. दुपारी जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं.

रात्रीची अडचण वेगळी. सकाळी साडेसातला अँटिबायोटिक झालं, तर दुसरं रात्री साडेसातच्या सुमाराला हवं. पण भाचा नऊला घरी येतो आणि घरातली जेवणं दहाला होतात. मावशी पाहुण्या असल्याने सगळ्यांसाठी थांबतात. इथे मी घरच्यांना स्पष्ट सांगते, मावशींना आठला जेवू द्या. आठला जेवण, लगेच मेटफॉर्मिन आणि अँटिबायोटिक, म्हणजे अंतर साडेबारा तासांचं, अगदी योग्य. दहापर्यंत थांबलं तर दिवसा साडेचौदा तास आणि रात्री साडेनऊ, असं विषम अंतर पडतं, आणि मधुमेही माणूस इतका वेळ उपाशी राहतो ते वेगळंच.

मेटफॉर्मिनच्या नावापुढचं ‘एसआर’ सोडून देऊ नका. एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असलेली गोळी औषध हळूहळू सोडते. ती गिळायला जड जाते म्हणून कुटून किंवा तोडून दिली तर तासन्‌तास पुरायचं औषध एकदम रक्तात जातं. पाकिटावर ‘टू बी स्वॅलोड होल, नॉट टू बी च्यूड ऑर क्रश्ड’, म्हणजे अख्खी गिळा, चावू किंवा कुटू नका, असं लिहिलेलं असतं ते यासाठी. पित्ताच्या गोळीवर पोटातल्या आम्लापासून तिला वाचवणारं आवरण असतं, म्हणून तीही अख्खीच गिळायची. गिळता येत नसेल तर गोळी बदलून मिळू शकते, पण डॉक्टरांना सांगितलं तरच.

अँटिबायोटिक पाच दिवसांचं आहे, तर तिसऱ्या दिवशी जखम सुकलेली दिसली तरी १० गोळ्या पूर्ण करायच्या. अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र पुढची गोळी न घेता ताबडतोब रुग्णालय.

राहिली पॅरासिटामॉल. ‘एसओएस’ म्हणजे दुखलं तर घ्या, पण त्याला दोन मर्यादा असतात आणि त्या कागदावर बहुधा लिहिलेल्या नसतात. दोन गोळ्यांत किती तास आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे विचारूनच घ्यायचं. पॅरासिटामॉलमध्ये निदान चार ते सहा तासांचं अंतर लागतं, आणि धडधाकट प्रौढ माणसालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर चालत नाही. ६५० च्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. वय झालेल्या, वजनाने कमी किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसाची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. शिवाय सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. मावशींना सर्दी झाली आणि भाच्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्दीची गोळी आणून दिली, तर एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. म्हणून नवी कुठलीही गोळी आणली की ‘ईच टॅब्लेट कंटेन्स’ची ओळ जुन्या पाकिटांशी ताडून बघायची.

एखादी गोळी विसरलीच तर? आठवली की घ्यायची. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यायची आणि पुढची एकच घ्यायची. भरपाई म्हणून दोन कधीच नाहीत. आठवड्यातून एकदाच्या गोळीला हा नियम लावायचा नाही, तिथे डॉक्टरांना फोन करायचा.

उपवासाच्या दिवशी

हे वेगळं लिहावंसं वाटतं, कारण संकष्टीला आणि नवरात्रात याची अडचण दरवेळी येते. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन तुम्ही खा अगर न खा, साखर खाली आणतात. त्यांच्यापुढे ‘बिफोर फूड’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘यानंतर जेवण होणारच आहे’ असा असतो. गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही खाल्लं नाही, तर घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तेव्हा तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायचं, आणि मग खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय. उपवास करायचाच असेल तर आधीच्या भेटीत डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या. गोळी मनाने बंद करणं हाही उपाय नाही.

बाटलीवरचं थोडं

पातळ औषधावर ‘शेक वेल बिफोर यूज’ असेल तर दरवेळी हलवायची, कारण औषध तळाला बसतं आणि न हलवल्यास सुरुवातीला पाणी आणि शेवटी दाट औषध मिळतं. ‘५ एमएल’ हे माप बाटलीबरोबरच्या झाकणावर किंवा पेल्यावर रेघेने दिलेलं असतं. घरातल्या स्टीलच्या चमच्याने मोजू नका, लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. मुलांच्या अँटिबायोटिकची बाटली भुकटीची असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं, फेस बसला की पातळी पुन्हा बघायची, आणि ते किती दिवस टिकतं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं का हे लेबलवरून पाहायचं. मिसळल्याची तारीख बाटलीवर लिहा. ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे फक्त वरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही.

‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’ म्हणजे थंड, कोरड्या जागी ठेवा, हे मुंबईच्या पावसाळ्यात अवघडच. गॅसच्या वरचं फडताळ आणि मोरी किंवा बाथरूमजवळचा कोनाडा एवढं टाळा. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नका. दमटपणाने त्या मऊ पडतात आणि नाव-तारीखही जाते.

काउंटरवर काय मागायचं

चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यावी लागतात, म्हणून ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यांना प्रत्येक पाकिटावर पेनाने मराठीत लिहून द्यायला सांगा: सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, ५ दिवस. मग ते तुम्ही त्यांना उलट वाचून दाखवा. मी स्वतः गिऱ्हाइकाकडून असं वदवून घेते. दहातल्या एखाद्याने तरी ‘नंतर’च्या जागी ‘आधी’ ऐकलेलं असतं आणि ते तिथेच सुधारता येतं. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणली असतील तर काउंटरवर ठेवा, एकच औषध दोनदा येत असेल तर ते तेव्हाच दिसेल. गावी परत जाणार असाल तर कागदाचा मोबाइलवर फोटो काढा आणि रिकामी झालेली पाकिटंही फेकू नका, तिकडच्या डॉक्टरांना त्यावरून नेमकं औषध कळतं.

आणि एवढं करूनही चुकून जास्त गोळ्या गेल्या, किंवा नातवाच्या हाती आजीच्या गोळ्या लागल्या, तर त्रास सुरू होण्याची वाट बघू नका. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिला दिवस माणूस ठीकच दिसतो आणि यकृताची इजा नंतर उघड होते. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. किती गोळ्या गेल्या आणि किती वाजता, हे कागदावर लिहा आणि ते पाकीट, रिकामं असलं तरी, डॉक्टरांच्या हातात द्या.